किम बुजांगनीमची माफी मागताना

सोलमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा झालेले असतात. कोरियाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे आणि ते वर्षभर तेवढंच पुढे राहतं. उन्हाळ्यात काटा सरकवण्याची भानगड तिथेही नाही. हिशेब इतका सोपा असूनही कोरियन कंपन्यांबरोबरच्या बैठका हुकतात त्या बहुतेक याच साडेतीन तासांपायी. निमंत्रणात दहा वाजता असं लिहिलेलं असतं, आपण डायरीत दहा लिहून मोकळे होतो, आणि कुणाचे दहा हे विचारायचं राहून जातं.

समजा चाकणच्या एका कारखान्यातल्या, निर्यातीचं काम पाहणाऱ्या बाईंच्या हातून नेमकं हेच झालं. सोलमधल्या खरेदी विभागाबरोबर व्हिडिओवर बैठक होती. पलीकडे विभागप्रमुख किम, त्यांचे दोन सहकारी, आणि दहा मिनिटांसाठी मुद्दाम वेळ काढून आलेले त्यांचे वरिष्ठ. (किम हे कोरियात सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव, म्हणून उदाहरणाला तेच घेतलंय.) बाईंनी पावणेनऊला फोन हातात घेतला तेव्हा सगळं लक्षात आलं. आता माफी मागायची आहे, आणि त्यांना थोडंफार कोरियन येतं. धोका असतो तो या थोडंफारमध्येच.

आपल्याकडे हल्ली कोरियन भाषा कानावर पडते ती मालिकांमधून. कॉलेजातल्या मुलीही ‘मियाने’ सहज म्हणून जातात. पण मालिकेतली माणसं प्रेमिक असतात, भावंडं असतात, वर्गमित्र असतात. ती एकमेकांशी ‘बानमाल’ बोलतात, म्हणजे अरेतुरेची, अर्धीमुर्धी घरगुती भाषा. ‘मियाने’ हे त्याच भाषेतलं सॉरी आहे. रांजणगावच्या एलजीत, तळेगावच्या ह्युंदाईत किंवा विळे-भागाडच्या पॉस्कोत कोरियन साहेबांबरोबर काम करणाऱ्यांना हा फरक पहिल्या महिन्यातच कळत असेल. दूरच्या पुरवठादाराला मात्र तो कुणी सांगत नाही. कोरियन माणूस तोंडावर चूक दाखवायच्या भानगडीत सहसा पडत नाही.

कोरियनमधला आदर कसा चालतो ते आधी समजून घेऊ, कारण पुढची सगळी वाक्यं त्यावरच उभी आहेत. मराठीत आपण मित्राला सांगतो, ‘अरे, बाबा आलेत.’ ऐकणारा अरेतुरेतला, पण ज्याच्याविषयी बोलतोय त्याला मान. उलट साहेबांना सांगताना म्हणतो, ‘साहेब, माझा धाकटा भाऊ आलाय.’ ऐकणाऱ्याला मान, भावाला नाही. म्हणजे मान दोन ठिकाणी द्यावा लागतो, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी बोललं जातं त्याला, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कोरियनमध्ये त्या दोन्ही क्रियापदात बसवतात. ऐकणाऱ्याचा मान वाक्याच्या अगदी शेवटी येतो. औपचारिक बोलण्यात शेवट ‘-म्निदा’ने होतो, सौम्य आदराच्या रोजच्या बोलण्यात ‘-यो’ने, आणि बानमालात यातलं काहीच लागत नाही. ज्याच्याविषयी बोलतोय त्याचा मान क्रियापदाच्या पोटात ‘शि’ हे अक्षर घालून दाखवतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःला खाली आणणं. ‘मी’साठी ‘ना’ न म्हणता ‘जॉ’ म्हणायचं, ‘मी केलं’मधला कर्ता ‘नेगा’ न राहता ‘जेगा’ होतो, ‘आमची कंपनी’ म्हणताना ‘उरी’ऐवजी ‘जॉही’ येतं, आणि देणं, भेटणं अशा काही क्रियांना नम्रतेची वेगळी क्रियापदंच आहेत.

आता माफीचा शब्द. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात ‘मियानहाम्निदा’ आणि ‘ज्वेसोंगहाम्निदा’ शेजारी शेजारी दिलेले असतात आणि दोन्हींचा अर्थ एकच सांगितलेला असतो. दोन्हींचा शेवट औपचारिक आहे, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं की कुठलाही चालेल. पण ‘म्निदा’ लावल्यामुळे ‘मियान’चं वजन वाढत नाही. तो बरोबरीच्या माणसाला किंवा हाताखालच्याला म्हणायचा शब्द आहे. ग्राहक कंपनीच्या विभागप्रमुखाला तो म्हटला तर व्याकरण बरोबर राहतं आणि नातं चुकतं. इथे ‘ज्वेसोंग’च हवा. त्याचंच ‘ज्वेसोंगहेयो’ हे रूप रोजच्या ओळखीत, लहानशा उशिराला चालतं. अख्खी बैठक चुकल्यावर पहिल्याच वाक्यात ते हलकं वाटेल. आणि लेखी माफीत आणखी एक पायरी वर जाऊन ‘साग्वा-दुरिम्निदा’ लिहितात, म्हणजे माफी अर्पण करतो. त्यातलं ‘दुरिदा’ हे देण्याचं नम्र क्रियापद. फोनवर ज्वेसोंगहाम्निदा, पत्रात साग्वा-दुरिम्निदा, एवढं पक्कं ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आपल्या बाईंचं पावणेनऊ म्हणजे सोलचं सव्वाबारा. कोरियन कार्यालयांत जेवणाची सुट्टी साधारण बारा ते एक अशी सगळ्यांची एकदमच होते, आणि ती लोक मनापासून पाळतात. अशा वेळी फोन करणं म्हणजे दुसरी चूक. पण एक वाजेपर्यंत गप्प बसणंही बरोबर नाही. म्हणून आधी काकाओटॉकवर दोन ओळी पाठवायच्या. काकाओटॉक हे कोरियातलं व्हॉट्सअॅपच म्हणा; संदेशाशेजारी दिसणारा 1 हा आकडा समोरच्याने संदेश उघडला की नाहीसा होतो, त्यामुळे वाचलं की नाही ते कळतं. संदेश असा:

‘बुजांगनीम, ओनुल ह्वेइए छामसोखाजी मोथे देदानी ज्वेसोंगहाम्निदा. हान्शी इहुए जॉन्ह्वा-दुर्यॉदो द्वेगेस्सुम्निका?’

म्हणजे, ‘विभागप्रमुखसाहेब, आजच्या बैठकीला हजर राहू शकले नाही याबद्दल अत्यंत दिलगीर आहे. एक वाजल्यानंतर आपल्याला फोन केला तर चालेल का?’ फोन करण्यालाही इथे साधं क्रियापद नाही, पुन्हा तेच ‘दुरिदा’ आलंय. रडक्या चेहऱ्याची चित्रं, लांबवलेली लाटेची खूण, हे काही नको. ते मैत्रीतल्या माफीला शोभतं.

संबोधनात मराठी माणूस हमखास अडखळतो. ‘तुम्ही’ला कोरियन शब्द शोधायला गेलं की शब्दकोश ‘दांगशिन’ देतो. तो नवरा-बायकोत चालतो, आणि भांडणात. ग्राहकाला कधीच नाही. कोरियनमध्ये अशा ठिकाणी सर्वनाम वापरतच नाहीत, हुद्दा वापरतात आणि त्याला ‘नीम’ जोडतात. ‘बुजांग’ हा विभागप्रमुख. त्याच्या खाली छाजांग, ग्वाजांग, देरी अशा पायऱ्या, वर इसा, सांगमू, जॉन्मू. ‘तुमच्या सोयीने’ म्हणायचं असेल तर ‘बुजांगनीमच्या सोयीने’ म्हणायचं. ‘किम-श्शी’ हे श्री. किमसारखं दिसतं खरं, पण नुसत्या आडनावाला ‘श्शी’ जोडणं म्हणजे कामगाराला हाक मारल्यासारखं ऐकू येतं. मात्र हुद्दा अंदाजाने ठोकू नये. काही मोठ्या कंपन्यांनी या पायऱ्या मोडीत काढल्या आहेत. सीजे समूहाने 2000 साली हुद्द्यांऐवजी सगळ्यांना नावापुढे नुसतं ‘नीम’ लावायला सुरुवात केली, सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने 2017 मध्ये तशीच वाट धरली. तेव्हा समोरच्याच्या ईमेलखाली जी सही असते तीच पाहावी आणि त्यात जे लिहिलंय त्यालाच ‘नीम’ जोडावं.

सोलमध्ये एक वाजून दहा मिनिटं झाली, म्हणजे आपल्याकडे नऊ चाळीस. आता फोन. आधी स्वतःची ओळख सांगायची, कंपनी आणि नाव, मग ‘जिगुम थोंग्ह्वा ग्वेन्छानुशिम्निका?’ म्हणजे आत्ता बोलायला वेळ आहे का, हे विचारायचं. ते हो म्हणाले की मग खरं वाक्य:

‘ओरे गिदारिशिगे हेसॉ देदानी ज्वेसोंगहाम्निदा.’

आपल्याला बराच वेळ ताटकळत ठेवलं, अत्यंत दिलगीर आहे. या एका वाक्यात सगळी रीत दिसते, म्हणून ते थोडं उलगडून पाहू. ‘गिदारि’ म्हणजे थांबणं. थांबले कोण? किमसाहेब. म्हणून त्यात ‘शि’ आला: गिदारिशिगे. ‘हेसॉ’ म्हणजे करायला लावल्यामुळे. लावलं कोणी? मी. म्हणून तिथे ‘शि’ नाही. शेवटी ‘म्निदा’, कारण ऐकणारे किमसाहेब. आता घाबरलेला माणूस काय करतो? वाक्य जास्त आदराचं व्हावं म्हणून ‘शि’ जिथे सापडेल तिथे घालतो आणि म्हणतो, ‘गिदारिगे हाशॉसॉ’. ‘शि’ थांबण्यातून निघाला आणि करायला लावण्यात शिरला. आता वाक्याचा अर्थ झाला की ताटकळत ठेवणारा आदरणीय माणूस आहे. म्हणजे साहेब, तुम्हीच वाट पाहायला लावलीत. किमसाहेबांना मनातला अर्थ कळेल, ते हसणारही नाहीत. पण माफीच्या वाक्यात दोष त्यांच्या पदरात पडलेला असतो.

यातला नियम साधा आहे. स्वतःच्या कुठल्याही क्रियेत ‘शि’ कधीच नाही. आपण चुकलो, आपण विसरलो, आपण फोन करू, या सगळ्यांत तो वर्ज्य. त्यांनी वाट पाहिली, त्यांनी वेळ काढला, त्यांनी समजून घेतलं, यांत तो हवाच. शंका आली तर क्रियापदासमोर ‘कोण?’ हा प्रश्न ठेवून पाहावा.

हाच गोंधळ आणखी एका बाजूने येतो. पुण्यात जपानी शिकलेली मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही पुढे कोरियनकडे वळतात. जपानी रीतीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबांचा उल्लेख बिनआदराचा करतात, कारण आपली कंपनी ती आपलीच बाजू. कोरियनमध्ये तसं करायला गेलं तर विचित्र वाटतं. किमसाहेबांशी बोलताना आपल्या कारखान्याच्या संचालकांचा उल्लेख आला तर त्यांच्या नावापुढचा ‘नीम’ काढायचा नाही, त्यांच्या क्रियेतला ‘शि’ही काढायचा नाही. कंपनीला ‘जॉही’ म्हणून खाली आणायचं, तिथल्या वडीलधाऱ्या माणसाला नाही.

फोनवर कारण सांगायचं का? सांगायचं, पण एका वाक्यात, आणि दोष आधी. ‘जेगा’ने वाक्य सुरू होऊ दे. सहायकाने वेळ चुकीची टिपली, इंटरनेट बंद होतं, असं काही खरं असलं तरी ते पहिल्या दमात नको; कोरियन कानाला त्याचा वास ‘ब्यॉनम्यॉंग’चा, म्हणजे सबबीचा येतो. तसंच ‘यांगहे बुथाक-दुरिम्निदा’ हे वाक्य. समजून घ्यावं ही विनंती, असा त्याचा अर्थ. कोरियन कार्यालयीन पत्रांत ते सारखं दिसतं म्हणून शिकणारे ते उचलतात. पण त्याची जागा गोष्ट घडण्याआधीची आहे. अर्धा तास आधी उशीर होणार हे कळलं तर हेच वाक्य योग्य. बैठक होऊन गेल्यावर माफीच्या जागी ते टाकलं, तर आपण मागायच्या आधीच क्षमा गृहीत धरल्यासारखं होतं.

किमसाहेब बहुधा म्हणतील, ‘ग्वेन्छान्सुम्निदा’, काही हरकत नाही. ते म्हणणं हा त्यांच्या सभ्यतेचा भाग झाला. त्यावरून विषय मिटला असं धरून ‘गाम्साहेयो’ म्हणत सैल होऊ नये. उत्तर त्याच पातळीवर द्यावं: ‘इहेहे जुशॉसॉ गाम्साहाम्निदा’, समजून घेतल्याबद्दल आभारी आहे. पुढे बोलता बोलता ते स्वतः ‘-यो’वर उतरले तर आपणही अधूनमधून उतरायला हरकत नाही. सतत ‘म्निदा’ लावत राहिलं तर बोलणं सैन्यातल्यासारखं ताठर होतं, हे कोरियन लोकच सांगतात. पण पहिलं पाऊल त्यांचं असू द्यावं.

फोननंतर त्याच दिवशी पत्र. सोलमध्ये संध्याकाळचे सहा म्हणजे आपले अडीच, त्याच्या आत ते पोचलं पाहिजे. पत्र लांब नको. पहिल्या ओळीत ‘किम बुजांगनीम, आन्न्यॉंगहाशिम्निका’ हा नमस्कार. मग मुख्य वाक्य: ‘ओनुल ओजॉन योलशी ह्वासांग ह्वेइए छामसोखाजी मोथे जिनशिमुरो साग्वा-दुरिम्निदा.’ आज सकाळी दहाच्या व्हिडिओ बैठकीला हजर राहू शकले नाही, मनापासून माफी मागते. दिवस, वेळ आणि काय चुकलं हे तिन्ही या वाक्यात आलं पाहिजे. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ असं मोघम लिहिलं की माफी कशाची तेच कळत नाही. त्यापुढे कारण: ‘ह्वेइ शिगानुल इंदो शिगानुरो जालमोत गिरोखान जे बुलछारिम्निदा.’ बैठकीची वेळ भारतीय वेळ म्हणून चुकीची टिपली, हा माझा हलगर्जीपणा. यातला ‘जे’, म्हणजे माझा, गाळू नये. मग पुढची वेळ. इथे आपल्याकडची सवय अशी, की ‘उद्या चालेल का?’ विचारायचं. त्याऐवजी ‘बुजांगनीम इल्जॉंगे मात्छुगेस्सुम्निदा’, आपल्या वेळापत्रकाप्रमाणे मी जुळवून घेईन. आणि ते मनापासून, कारण उत्तरात सोलच्या सकाळी नऊची वेळ आली तर आपल्याला साडेपाचला बसावं लागेल. शेवटी ‘आफुरो इरॉन इरी ऑप्तोरोक हागेस्सुम्निदा’, यापुढे असं होणार नाही.

बैठकीला दहा मिनिटं येऊन गेलेले ते वरिष्ठ, सांगमू, यांना विसरून चालणार नाही. त्यांचा वेळ सगळ्यांत महागाचा होता. त्यांच्याशी थेट ओळख नसेल तर पत्रात एक ओळ घालावी: ‘सांगमुनीमक्केदो ज्वेसोंगहादानुन मालसुम जॉनहे जुशिम्यॉन गाम्साहागेस्सुम्निदा.’ सांगमूसाहेबांनाही माझी दिलगिरी कळवलीत तर आभारी होईन. यातला ‘क्के’ हा आपल्या ‘ना’ या प्रत्ययाचा आदराचा अवतार. साधा ‘एगे’ इथे टोचेल. आपल्या बाजूनेही बरोबरीच्या हुद्द्याच्या माणसाने, म्हणजे बाईंच्या विभागप्रमुखांनी, वेगळा फोन केला तर जास्त बरं. कोरियात वरच्याची माफी वरच्यानेच मागावी अशी अपेक्षा असते.

सहीच्या जागी नावापुढे ‘दुरिम’ लिहितात किंवा ‘ऑल्लिम’. दोन्हींचा अर्थ सादर असाच. ‘दुरिम’ सर्वसाधारण पत्रव्यवहारात चालतं, ‘ऑल्लिम’ वयाने किंवा मानाने वरच्या माणसाला. माफीच्या पत्राला ‘ऑल्लिम’ शोभतं.

आता मर्यादेबद्दल. ज्याला ही वाक्यं पाठ करूनही उच्चारता येणार नाहीत, त्याने फोन इंग्रजीतच करावा. देवनागरीत कोरियन उच्चार साधारणच उतरतात, आणि वर दिलेली वाक्यं एकदा कोरियन माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय फोनवर वापरू नयेत. इंग्रजी पत्रातही क्रम हाच ठेवता येतो: हुद्द्याने संबोधन, नेमकी चूक, एका वाक्यात कारण, त्यांच्या सोयीची वेळ. अर्धवट कोरियनपेक्षा नीट इंग्रजी बरं, कारण इंग्रजीत अरेतुरे व्हायची भीतीच नसते. परदेशी माणसाचं व्याकरण चुकलं तर कोरियन लोक सोडून देतात. हुद्दा विसरला किंवा बानमाल आलं तर तेवढ्या सहज नाही.

पुढच्या बैठकीला पाच-दहा मिनिटं आधीच जोडून घ्या. किमसाहेब आले की भूतकाळात एकच वाक्य म्हणा: ‘जिनानबॉनेनुन जॉंगमाल ज्वेसोंगहेस्सुम्निदा’, मागच्या वेळेबद्दल खरंच दिलगीर होते. मग सरळ कामाला लागा आणि तो विषय पुन्हा काढू नका.